लासलगावचे भाव, लिंक्डइनची चौकट

लिंक्डइनवर कौशल्यांच्या यादीत ‘डेटा अ‍ॅनालिसिस’ हे शब्द चढवायला चार-दोन क्लिक पुरतात. पाच वर्षं हेच काम केलेल्या माणसाला जेवढे क्लिक लागतात, तेवढेच सुट्टीत एखादा कोर्स अर्धवट पाहिलेल्यालाही लागतात. नोकरीच्या जागेसाठी आलेली प्रोफाइल्स वाचणं हा ज्याच्या कामाचा भाग आहे, त्याची पंचाईत इथूनच सुरू होते. एक्सेल, एसक्यूएल, पॉवर बीआय, टीमवर्क ही चौकडी इतक्या पानांवर सारख्याच क्रमाने भेटते, की काही दिवसांनी डोळा ती वाचतच नाही. यात खोटं बोलणारे थोडेच असतात. बहुतेकांना ते शब्द थोडेफार लागू असतातच, पण थोडे किती आणि फार किती हे त्या यादीत मावत नाही.

हे लिंक्डइनलाही कळत नव्हतं असं नाही. 2012 मध्ये त्यांनी एन्डॉर्समेंट आणलं. ओळखीच्या माणसाने एक बटण दाबलं की त्या कौशल्यापुढचा आकडा एकाने वाढायचा. झालं असं, की माणसं एकमेकांची बटणं दाबू लागली. ज्या कॉलेजमित्राने आपलं काम कधी पाहिलंच नाही, तो आपल्या एसक्यूएलची ग्वाही देऊ लागला. 2019 मध्ये बहुपर्यायी प्रश्नांच्या चाचण्या आल्या. उत्तीर्ण होणाऱ्याला बिल्ला मिळे. लवकरच त्या प्रश्नांची उत्तरं गिटहबवर जमवलेली सापडू लागली आणि 2023 च्या अखेरीला चाचण्याच गुंडाळल्या गेल्या. मधल्या काळात, 2020 मध्ये, प्रोफाइलवर ‘फीचर्ड’ नावाची एक चौकट आली होती. तिच्यात आपली पोस्ट, लेख, बाहेरची लिंक, सादरीकरण किंवा पीडीएफ ठेवता येते. मला या सगळ्या सोयींमध्ये हीच एक कामाची वाटते, कारण इथे दुसऱ्याची ग्वाही लागत नाही आणि गुणही मिळत नाहीत. वाचणाऱ्यापुढे काम ठेवलं जातं आणि निवाडा त्याचा तो करतो. अडचण एवढीच, की बहुतेक जण या चौकटीतही पुन्हा ग्वाह्याच भरतात.

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाचा नोकरीच्या बाजारातल्या संकेतांवरचा निबंध 1973 चा. पुढे 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मालकाला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो खुणा पाहतो. पण खूण उपयोगी पडायची असेल, तर ती मिळवणं कुवत असलेल्याला स्वस्त आणि नसलेल्याला महाग पडलं पाहिजे. दोघांनाही सारखीच स्वस्त असेल तर तिच्यावरून माणसं वेगळी करता येत नाहीत. कौशल्यांची यादी, एन्डॉर्समेंट आणि उत्तरं फुटलेली चाचणी या तिन्ही खुणा सगळ्यांनाच स्वस्त होत्या, म्हणून त्या पडल्या. फीचर्डमध्ये काय ठेवावं याचा निकषही यातूनच निघतो. ज्याला हे काम येत नाही त्याला ही गोष्ट सहज मांडता आली असती का, असा प्रश्न प्रत्येक तुकड्याला विचारावा. त्याला एक व्यावहारिक शेपूट जोडायला हवं. वाचणाऱ्याकडे दोन-तीन मिनिटं असतात, आणि पुरावा तेवढ्यात तपासता आला पाहिजे. ऐंशी स्लाइड्सचं सादरीकरण कितीही खरं असलं तरी ते तपासत कोण बसणार?

या निकषावर नेहमीची भरती धरून पाहा. ऑनलाइन कोर्सच्या प्रमाणपत्राचा फोटो कोर्स संपवल्याचं सांगतो, पुढे काही नाही. कंपनीच्या कार्यक्रमात ट्रॉफी घेतानाचा फोटो त्याहून कमी सांगतो. सर्वांत फसवा तुकडा म्हणजे डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट. वर चार मोठे आकडे, खाली एक बार चार्ट, बाजूला एक डोनट, रंग नीटनेटके. दिसायला हे काम वाटतं, म्हणूनच तो फसवा. तो कोणत्याही शिकवणीच्या व्हिडिओमागोमाग तासाभरात तयार होतो आणि त्यात करणाऱ्याने कुठे काय ठरवलं याचा मागमूस नसतो. डेटाच्या कामात कौशल्य म्हणजे मुख्यतः ठरवणंच: कोणत्या ओळी घ्यायच्या, रिकाम्या जागांचं काय करायचं, सरासरी कशाची काढायची. चित्र त्याच्या नंतर येतं.

एक उदाहरण तपशिलात घेऊ. समजा, वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली नाशिककडची एक मुलगी डेटा अ‍ॅनालिस्टच्या पहिल्या नोकरीच्या शोधात आहे. तिचा दावा आहे: विस्कळित आकडेवारी साफ करून तिच्यातून निर्णयाला उपयोगी पडेल असं काही काढता येतं. अनुभवाच्या रकान्यात दाखवायला काहीच नाही. ती लासलगाव बाजार समितीतल्या कांद्याच्या भावांची आकडेवारी घेते. ही माहिती सगळ्यांना खुली आहे. केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर मिळतो. काळ ती असा निवडते, की ज्यात काही घडलं आहे: 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, 8 डिसेंबरला निर्यातबंदीच आली आणि 4 मे 2024 ला ती उठली. प्रश्न साधा आहे: या तीन तारखांच्या आजूबाजूला लासलगावात भाव कसे हलले?

आता या आकडेवारीत पाय कुठे अडकतो ते पाहा. पहिली गोष्ट, बाजार रोज भरत नाही. रविवार, सण, आणि त्या ऑगस्टमध्ये तर शुल्काच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातले लिलावच काही दिवस बंद होते. त्या दिवसांच्या ओळी आकडेवारीत नसतात. सलग तारखांचा तक्ता बनवून त्याला हे भाव जोडले की बंद दिवसांपुढे रिकामी घरं उमटतात, आणि नवशिका त्यात बेधडक शून्य भरतो. मग आलेखात भाव थेट जमिनीला टेकतो. खाली शीर्षक येतं, ‘शुल्कानंतर भाव कोसळले’. प्रत्यक्षात त्या दिवशी भाव पडलेला नव्हता, लिलावच झाला नव्हता. आवकेच्या रकान्यात मात्र शून्य खरं आहे, कारण माल आलाच नाही. एकाच रिकाम्या घराचा अर्थ दोन रकान्यांत दोन वेगळे. हे ज्याला दिसतं त्याला डेटा साफ करता येतो, असं मी खुशाल मानेन.

दुसरा खड्डा कांद्याच्या जातीचा. एकाच दिवशी लाल आणि उन्हाळी अशा दोन ओळी येऊ शकतात, विशेषतः हंगाम बदलत असताना. लाल कांदा टिकत नाही, उन्हाळी चाळीत महिनोन्‌महिने राहतो, त्यामुळे दोघांचे भाव वेगळे चालतात. दिवसाचा एक भाव काढायचा तर दोन्ही दरांची साधी सरासरी घेणं चूक. समजा लाल 1000 क्विंटल आला आणि 2000 रुपयांनी गेला, उन्हाळी 4000 क्विंटल आला आणि 1500 रुपयांनी गेला. साधी सरासरी 1750 येते. आवकेचं वजन देऊन काढलेली 1600 येते. मधले दीडशे रुपये कोणत्याही शेतकऱ्याला मिळाले नाहीत, ते फक्त हिशेबाच्या पद्धतीतून जन्मले. तिसरी गोष्ट छोटी पण नेमकी: किमान आणि कमाल दरांचा मध्य म्हणजे सर्वसाधारण दर नव्हे. एखादी खराब ट्रॉली चारशेने गेली तर किमान दर चारशे लागतो, पण बहुतांश माल कोणत्या भावाने गेला हे त्यावरून कळत नाही.

आता हीच मुलगी फीचर्डमध्ये दोन प्रकारे येऊ शकते. पहिल्या प्रकारात ती पॉवर बीआयच्या रंगीत पानाचा स्क्रीनशॉट टाकते आणि त्याला ‘ओनियन प्राइस डॅशबोर्ड प्रोजेक्ट’ असं नाव देते. दुसऱ्या प्रकारात ती दोन पानांची पीडीएफ ठेवते. पहिल्या पानावर एकच आलेख असतो. त्यात बंद दिवसांच्या जागी रेघ तुटलेली, तीन सरकारी निर्णयांच्या तारखांना उभ्या खुणा आणि खाली दोन ओळींत निष्कर्ष. दुसऱ्या पानावर ‘काय ठरवलं आणि का’: बंद दिवस कसे धरले, सरासरी कोणती काढली, आणि भावातला बदल निर्णयामुळेच झाला असं ही आकडेवारी का सिद्ध करू शकत नाही. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. डिसेंबरात खरिपाचा लाल कांदा बाजारात येतच असतो, म्हणजे बंदी आली नसती तरी भाव उतरण्याला एक कारण हजर होतं. आपल्या निष्कर्षाची हद्द कुठे संपते हे लिहायला तो निष्कर्ष स्वतः काढलेला असावा लागतो. नुसती नक्कल करणाऱ्याला ही ओळ सुचत नाही.

मांडणीच्या गोष्टी मग सोप्या आहेत, पण त्यातही माणसं हकनाक मार खातात. फीचर्डमधल्या फाइलला आणि लिंकला स्वतःचं शीर्षक आणि वर्णन देता येतं. तिथे फाइलचं नाव, म्हणजे `final_v3_new.pdf`, तसंच राहू देणारे कमी नाहीत. शीर्षकात विषय आणि काम दोन्ही यावेत: ‘लासलगाव कांदा भाव, 2023–24: बंद दिवस आणि दोन जाती वेगळ्या धरून केलेलं विश्लेषण’. वर्णनात प्रश्न, पद्धत आणि उत्तर एकेका वाक्यात. फाइल उघडली नाही तरी तीन वाक्यांत वाचणाऱ्याच्या हाती काही पडलं पाहिजे. चौकटीत एका वेळी दोन-तीनच तुकडे दिसतात आणि फोनवर त्याहून कमी, बाकीच्यांसाठी बाजूला सरकवावं लागतं. म्हणून सर्वांत बळकट पुरावा पहिल्या जागी. जुनी पोस्ट फीचर्ड केली तर तिचाच मजकूर दिसतो, आणि ‘सांगायला आनंद होतो की’ अशी सुरुवात असेल तर पहिली ओळ त्यातच खर्ची पडते.

लिंक ठेवली असेल तर ती खासगी खिडकीत, म्हणजे लॉगिन न करता, उघडून पाहावी. गूगल ड्राइव्हची परवानगी `Restricted` वर राहिली की समोरच्याला फाइलऐवजी परवानगी मागण्याचं पान दिसतं. तो ती मागत बसत नाही, पुढच्या प्रोफाइलवर जातो. पॉवर बीआयचं उलटं आहे. तिथल्या `Publish to web` या सोयीने तयार झालेली लिंक जगात कोणालाही उघडते, पासवर्ड लागत नाही. कांद्याच्या खुल्या आकडेवारीला ते ठीक आहे. पण नोकरीतला अहवाल कोणी असा टाकला आणि गाळणीच्या यादीत गिऱ्हाइकांची नावं दिसली, तर तो पुरावा उलटतो. या माणसाच्या हाती आपला डेटा द्यायचा का, एवढाच प्रश्न वाचणाऱ्यापुढे उरतो. पॉवरपॉइंटमध्येही हीच खोच आहे. एक्सेलमधून आलेख चिकटवताना तो एम्बेड झाला तर मागची सगळी वर्कबुक स्लाइडसोबत जाते, न दाखवलेल्या शीट्ससकट. म्हणून बाहेर द्यायचं ते पीडीएफ करूनच द्यावं.

आता आक्षेप. पहिला असा, की हे पाहतं कोण? रिक्रूटर पद, गाव, कंपनी आणि कौशल्यांचे शब्द टाकून शोधतो आणि शेकड्यांनी नावं चाळतो. फीचर्डमधली पीडीएफ त्या शोधात नाव वर आणणार नाही. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच कौशल्यांची यादी काढून टाका असं मी म्हणत नाही. शोधात सापडण्यासाठी शब्द लागतातच. फीचर्डचं काम त्याच्या पुढच्या टप्प्यावर सुरू होतं. तीस नावांची आठ करायची असतात आणि प्रोफाइल त्या टीमच्या प्रमुखाकडे जातं, तेव्हा. त्या माणसाला स्वतःला हे काम येत असतं. तुटलेली रेघ का तुटली आहे हे त्याला सांगावं लागत नाही. एच.आर.ने चार सेकंदांत ओलांडलेलं पान हा माणूस चार मिनिटं वाचू शकतो, आणि शेवटी त्याच्यासोबतच काम करायचं असतं.

दुसरा आक्षेप अनुभवी लोकांचा असतो आणि तो जास्त वजनदार आहे. आमचं खरं काम कंपनीच्या मालकीचं, करारात गोपनीयतेचं कलम, मग दाखवायचं काय? नावं झाकून तोच अहवाल टाकावा, हा सरसकट दिला जाणारा सल्ला मला धोक्याचा वाटतो. चाकणच्या एखाद्या कारखान्यातल्या क्वालिटी इंजिनियरने दोषाच्या तपासाचा आपला 8डी अहवाल टाकला आणि ग्राहकाचं नाव खोडलं, तरी पार्टचा फोटो आणि दोषाचं वर्णन पाहून त्या धंद्यातला माणूस गाडी कोणती हे ओळखतो. त्यापेक्षा पद्धत दाखवावी, प्रकरण नको. एक काल्पनिक दोष घ्यायचा, ‘आकडे काल्पनिक आहेत’ असं वरच लिहायचं, आणि मूळ कारणापर्यंत पोचायची पायरी नीट मांडायची. इथे बहुतेक अहवाल ‘ऑपरेटरची चूक, प्रशिक्षण दिलं’ या वाक्यावर थांबतात. चूक झाली तरी पार्ट पुढे का सरकू शकला आणि तपासणीत तो का सापडला नाही, हे दोन प्रश्न जो वेगळे सोडवतो त्याला 8डी येतो. ते दाखवायला खऱ्या ग्राहकाची गरज नाही. लेखाचा पर्याय इथे उपयोगी पडतो, आणि तो आठशे शब्दांचा असला तरी भागतं.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दिवसभर नोकरी, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस, त्यात असली टिपणं लिहायला वेळ कोणाकडे? ज्याच्याकडे मोकळा वेळ त्याचा पुरावा भारी, असं होणार. होतंच. स्पेन्सच्या भाषेत सांगायचं तर खूण महाग पडण्याचं कारण कुवतीचा अभावच असेल असं नाही, कधी ते फुरसतीचा अभाव असतं. एवढं करता येतं, की वाचणाऱ्याने रिकामी चौकट हा उमेदवाराविरुद्धचा पुरावा मानू नये. आणि लिहिणाऱ्याने पाच तुकड्यांचा संकल्प सोडून एकच करावा. मुख्य दाव्याला एक पुरावा पुरतो. पाच ठेवले तर त्यातला सर्वांत कच्चा तुकडाही वाचला जातोच.

शेवटचा आक्षेप नकलेचा. दुसऱ्याचं काम उचलून आपल्या चौकटीत लावता येत नाही का? येतं. शिवाय कामाच्या नमुन्यावर जो शास्त्रीय विश्वास होता तोही ताणून धरण्यात अर्थ नाही. निवडीच्या पद्धतींवरच्या 1998 च्या श्मिट आणि हंटर यांच्या प्रसिद्ध आढाव्यात कामाच्या नमुन्याची चाचणी पुढच्या कामगिरीशी 0.54 इतकी जुळत होती आणि यादीत ती वरच्या टोकाला होती. 2022 मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशेबातल्या दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा ती 0.33 वर आली आणि ठरावीक प्रश्नांची आखीव मुलाखत 0.42 घेऊन तिच्या पुढे गेली. त्यातही हे आकडे कोणाच्या तरी देखरेखीखाली करून घेतलेल्या कामाचे आहेत. घरी बसून, हवा तेवढा वेळ घेऊन, हवी त्याची मदत घेऊन केलेली पीडीएफ त्याहून दुबळीच धरली पाहिजे. पण हे आकडे फीचर्डच्या विरोधात जातात असं मला वाटत नाही. ते त्याची जागा दाखवतात, आणि ती मुलाखतीच्या आधीची आहे. मुलाखत घेणाऱ्याला नेमकं विचारण्याजोगं काहीतरी देणं, एवढं त्या तुकड्याने केलं तरी झालं.

कांद्याच्या पीडीएफवर विचारायचे प्रश्न तिच्यातच आहेत. बंद दिवसाच्या आधीचा भावच पुढे ओढला असता तर आलेख कसा दिसला असता? पिंपळगावच्या बाजाराची आकडेवारी जोडली तर कोणत्या रकान्यात आधी घोटाळा होईल? ज्याने ते काम स्वतः केलंय तो इथे थोडा थांबतो आणि मग बहुधा पीडीएफमध्ये नसलेलं काहीतरी सांगतो: भाव पुढे ओढल्यावर आलेख गुळगुळीत झाला होता, पण बंद काळातही व्यवहार चालू होता असा भास होत होता, म्हणून ते काढून टाकलं, पिंपळगाव जोडताना त्याच बाजाराचं नाव दोन ठिकाणी दोन स्पेलिंगांनी आलेलं असू शकतं, ते आधी पाहावं लागेल. ज्याने ते उचललंय तो पहिल्या पानावरचा निष्कर्ष पुन्हा वाचून दाखवतो.